बाराखडीचा उभा तक्ता आणि तरीचा खेळ
(इयत्ता दुसरीच्या शिक्षकांसाठी)

धरमतर हे नाव फळ्यावर लिहून पाहावे. पाच अक्षरे आहेत आणि त्यांपैकी एकासही काना, मात्रा, वेलांटी वा उकार नाही. तेथून अलिबागच्या रस्त्याने मागे आल्यास मुंबई–गोवा महामार्गावर लागणारे वडखळ हे गावही तसेच; चार अक्षरे, पण स्वरचिन्ह एकही नाही. पेण म्हटले की मात्रा आली, रोहा म्हटले की काना-मात्रा आणि काना आला, आणि नागोठणे म्हटले की एकाच नावात काना, काना-मात्रा व मात्रा अशी तीन चिन्हे आली. अंबा नदी नागोठण्याकडून येऊन धरमतरच्या खाडीस मिळते. तिच्या काठच्या शाळांतील मुले ही नावे एस.टी.च्या पाट्यांवर व रस्त्यावरील फलकांवर रोज पाहतात. दुसरीच्या वर्गात बाराखडीचा पाठ कोठून सुरू करावा याचे उत्तर या नावांतच मिळते.

पहिलीतून दुसरीत आलेले मूल बहुधा बाराखडी म्हणते. ‘क का कि की’पासून ‘कं कः’पर्यंत ते एका दमात जाते, आणि सूर धरून दिला तर ‘ज्ञ’पर्यंतही पोहोचते. पण त्याच मुलासमोर ‘मोरी’ हा शब्द ठेवला तर ते थांबते. ओठ हलू लागतात. म मा मि मी मु मू असे मनात म्हणत ते ‘मो’वर येते, मग र रा रि री असे म्हणत ‘री’वर येते, आणि तोपर्यंत ‘मो’ विसरलेले असते. अशा मुलास बाराखडी येत नाही असे म्हणता येणार नाही. त्यास बाराखडीचे गाणे येते. व्यंजनाला जोडलेले चिन्ह पाहून तत्क्षणी उच्चार करणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती त्यास कोणी शिकविलेली नाही. तिसरीच्या वर्गात पाठ लांब होतात व बाराखडीसाठी वेगळा तास उरत नाही, म्हणून ही उणीव दुसरीतच भरून काढावी लागते.

गाण्यात चूक नाही, चूक तक्ता वाचण्याच्या दिशेत आहे. नेहमीच्या तक्त्यावर एका ओळीत एकच व्यंजन असते व चिन्हे बदलत जातात. मुलाचा डोळा त्या ओळीवरून फिरत असतो, परंतु कान सुराच्या मागे गेलेला असतो. पुढचे अक्षर कोणते हे सुरानेच कळते, तेव्हा चिन्हाकडे पाहण्याची गरजच पडत नाही. तोच तक्ता वरून खाली वाचला तर काय होते ते पाहावे. ‘धी, री, मी, ती’ म्हणताना व्यंजन दर वेळी बदलते, आणि ते तर मुलाच्या ओळखीचे आहे. बदलत नाही ती दुसरी वेलांटी, आणि बदलत नाही तो ‘ई’ हा आवाज. कानाला सतत ऐकू येणारा आवाज आणि डोळ्याला सतत दिसणारी खूण यांची गाठ येथे आपोआप पडते. म्हणून दुसरीचा तक्ता प्रथम उभा वाचावा, नंतर आडवा, आणि शेवटी छडीचे टोक वाटेल तेथे ठेवून.

तक्त्याची मांडणी

एकदम सर्व व्यंजनांचा तक्ता टांगू नये. धरमतर या नावातील चार निरनिराळी व्यंजने घ्यावीत आणि पाच उभे स्तंभ आखावेत.

ध   धा   धी   धे   धो
र   रा   री   रे   रो
म   मा   मी   मे   मो
त   ता   ती   ते   तो

जुन्या दिनदर्शिकेची पाठकोरी बाजू यासाठी पुरते. अक्षराची उंची आठ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी, नाहीतर मागच्या मुलास मात्रा आणि शिरोरेषा वेगळ्या दिसत नाहीत. व्यंजन काळ्या शाईने व चिन्ह लाल शाईने लिहावे. हा रंगभेद पहिल्या तीन आठवड्यांपुरताच ठेवावा. नंतर सर्व अक्षरे एकाच रंगात लिहिलेला दुसरा तक्ता लावावा, कारण पुस्तकात लाल काना छापलेला नसतो.

येथे चिन्हांचा पारंपरिक क्रम मोडला आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या फोडल्या आहेत, आणि त्यास कारण आहे. काना अक्षराच्या उजवीकडे येतो, मात्रा डोक्यावर येते, दुसरी वेलांटीही उजवीकडेच येते. ही चिन्हे डोळ्यास सोपी आहेत. शिवाय मुलाच्या तोंडी असलेल्या शब्दांच्या शेवटी दुसरी वेलांटीच असते. माती, खाडी, होडी, वाडी, पाणी हे शब्द पाहावेत. मराठी शुद्धलेखनाचे जे नियम १९६२ साली शासनमान्य झाले, त्यांप्रमाणे मराठी शब्दाच्या शेवटचा इकार व उकार दीर्घ लिहावयाचा असतो. तेव्हा जे चिन्ह मुलास सर्वांत अधिक वेळा भेटणार ते आधी शिकविणे हेच सरळ होय. पहिली वेलांटी आणि दोन्ही उकार यांची पाळी दुसऱ्या टप्प्यात येते.

चार व्यंजने आणि पाच स्तंभ मिळून वीस अक्षरे झाली. एवढ्या भांडवलावर शब्द किती होतात हे शिक्षकाने स्वतः मांडून पाहावे. धर, मध, मत, रात, राम, मामा, मामी, माता, माती, मोती, मोर, मोरी, मेर, मार, तार, तारा, तीर, तेरा, तोरा, धार, धीर, धोतर, रीत. विसांहून अधिक शब्द हाती येतात आणि त्यांतले बहुतेक मुलास ठाऊक असतात. अक्षर शिकल्यावर त्याच दिवशी शब्द वाचावयास मिळाला पाहिजे. बाराखडी आधी पुरी करून शब्द नंतर घेण्याच्या पद्धतीत मुलाचे कित्येक आठवडे केवळ पठणात जातात.

या शब्दांत जोड्या लावता येतात, आणि खरा अभ्यास त्या जोड्यांतच आहे. ‘धर, धार, धीर, धूर’ हे चार शब्द पाहावेत. ‘तर, तार, तीर, तूर’ हेही पाहावेत. दोन्ही ठिकाणी दोन व्यंजने कायम आहेत, पहिल्या अक्षराचे चिन्ह तेवढे बदलते आणि अर्थ पार बदलतो. चिन्ह चुकले तर शब्दच दुसरा होतो हे मुलास सांगून पटत नाही. ‘धार’च्या जागी ‘धूर’ वाचला की मात्र त्याच्या ध्यानात येते. धूर आणि तूर यांतील उकार पहिल्या तक्त्यात नाहीत. ते दुसऱ्या टप्प्यात आले की या जोड्या पुऱ्या होतात.

दुसऱ्या टप्प्यात वडखळ हे नाव घ्यावे. त्यातील व, ड, ख आणि ळ ही व्यंजने तक्त्याच्या खाली जोडावीत. आता वाडी, खाडी, वेळ, खेळ, खेडे, खोड, तळे, माळ, मोळी, माड, ताड असे शब्द होतात. वाळू आणि धूळ यांसाठी दुसरा उकार व तुरा, धुरा, मधुर यांसाठी पहिला उकार येथेच आणावा. नंतर प, ण आणि ह ही तीन व्यंजने घेतली की पेण व रोहा ही दोन्ही तालुक्यांची नावे, आणि पाणी, होडी, पोहे हे शब्द मुले वाचू लागतात. एका चिन्हास दोन ते तीन दिवस द्यावेत व रोजचा वेळ पंधरा मिनिटांहून अधिक नसावा.

र या अक्षराविषयी येथेच सांगणे बरे. इतर व्यंजनांना उकार पायाशी लागतो, र ला तो कमरेशी लागतो. रु आणि रू यांचे रूप ‘धु, मु, तु’ यांच्या स्तंभात ठेवले तर मुलास ते परके वाटते, आणि लिहिताना ते र च्या खाली उकार काढते. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. मुलाने नियम बरोबर लावला आहे, अक्षरच नियम पाळत नाही. उकाराच्या स्तंभात र ची जागा प्रथम मोकळी ठेवावी आणि इतर व्यंजने पक्की झाल्यावर ‘रुमाल’ व ‘रूप’ हे शब्द देऊन ती भरावी.

तरीचा खेळ

खाडीकाठच्या मुलांना तर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पडवीत किंवा अंगणात खडूने सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशी होडी आखावी. तिच्या एका बाजूस व्यंजनांचा काठ व दुसऱ्या बाजूस चिन्हांचा काठ. पत्ते एक वीत लांब-रुंद असावेत. जुन्या पुठ्ठ्याचे चालतात. व्यंजनाच्या पत्त्यावर केवळ व्यंजन लिहावे. चिन्हाच्या पत्त्यावर मात्र एक तुटक रेषांचा रिकामा चौकोन काढून, चिन्ह त्या चौकोनाच्या ज्या बाजूस लागते त्या बाजूस लिहावे. नुसता काना एकटा लिहिला तर तो दंड आहे की काना आहे हे मुलास समजत नाही.

वर्गात अठरा मुले आहेत असे समजावे. चौघांकडे ध, र, म, त हे पत्ते. चौघांकडे काना, दुसरी वेलांटी, मात्रा व काना-मात्रा. एक मूल पुकारणारे आणि एक तांडेल. उरलेली आठ मुले पाट्या घेऊन वाचक म्हणून बसतात. प्रत्येक फेरीनंतर जागा बदलाव्यात. एकच चुणचुणीत मूल सतत तांडेल राहू देऊ नये.

पुकारणारा म्हणतो, ‘धी’. ध चे मूल होडीत येऊन उभे राहते. दुसऱ्या वेलांटीचे मूल त्याच्या उजव्या हातास येऊन खेटून उभे राहते. वाचक एका आवाजात ‘धी’ म्हणतात व पाटीवर लिहितात. चिन्ह योग्य जागी उभे आहे असे तांडेलाने पाहिले तर तो हात वर करतो आणि होडी सुटते. नसेल तर होडी हलत नाही. आता पुकारणारा म्हणतो, ‘र चढव’. र चे मूल येऊन उजवीकडे उभे राहते आणि वाचक ‘धीर’ वाचतात. मग पुकारणारा म्हणतो, ‘वेलांटी उतरव, काना चढव’. शब्द ‘धार’ झाला. उकार शिकविल्यावर याच जागी दुसऱ्या उकाराचे मूल येऊन ध च्या पायाशी बसते आणि ‘धूर’ होतो. मात्रेचे मूल आपला पत्ता ध च्या डोक्यावर धरते. काना-मात्रेचे मूल उजवीकडे उभे राहून पत्ता उंच धरते. अशा रीतीने चिन्हाची जागा मुलाच्या अंगात बसते. जे मूल स्वतः पायाशी बसलेले आहे ते उकार डोक्यावर लिहीत नाही.

या खेळात एक अडचण हमखास येते आणि ती आधीच टाळावी. मुले वर्गाकडे तोंड करून उभी राहिली तर त्यांची उजवी बाजू वाचकांच्या डाव्या बाजूस येते. काना उजवीकडे उभा राहतो आणि वाचकांना तो ध च्या आधी दिसतो. सारा खेळ उलटा होतो. म्हणून पत्ते सुतळीने पाठीवर बांधावेत आणि होडीतील मुलांनी फळ्याकडे तोंड करून उभे राहावे. मग त्यांचे उजवे-डावे व वाचकांचे उजवे-डावे एकच राहते. उकाराच्या मुलाने ध च्या मागे, म्हणजे वाचकांच्या बाजूस, उकिडवे बसावे. ध चा पत्ता खांद्यांच्या मध्ये उंच बांधलेला असला म्हणजे तो झाकला जात नाही. मात्रेचे मूल ध च्या पुढे उभे राहून पत्ता वर धरते. मूल उंचीने लहान असेल तर त्यास पाटावर उभे करावे.

पहिल्या दिवसांत एका फेरीत दोनच चिन्हे असावीत, तीही दिसावयास अगदी निराळी. काना आणि मात्रा ही जोडी चांगली. मात्रा आणि दोन मात्रा, किंवा पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी, या एकाच फेरीत आणू नयेत. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी शिकविल्या की दोन्हींचा गोंधळ कायमचा होतो. एक पक्की झाल्यावर दुसरी आणावी.

पहिली वेलांटी

या चिन्हासाठी वेगळा आठवडा राखून ठेवावा. इतर चिन्हे व्यंजनाच्या नंतर, वर किंवा खाली लिहिली जातात. पहिली वेलांटी मात्र व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. डोळ्यास जे आधी दिसते ते तोंडाने मागाहून यावयाचे, हा व्यवहार मुलास नवा असतो. हिंदी वाचणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही ज्या शब्दांत लेखनाचा व उच्चाराचा क्रम असा वेगळा असतो ते शब्द वाचण्यास अधिक वेळ लागतो असे दिसले होते. देवनागरी लिपी तीच असल्याने मराठी शिक्षकास याचे नवल वाटू नये.

चूक कशी ओळखावी? ‘रविवार’ हा शब्द वाचावयास द्यावा. मूल ‘रीववार’ म्हणाले तर त्याने व ची वेलांटी मागच्या र ला जोडली, म्हणजे पहिलीस दुसरी समजले. ‘शनिवार’चे ‘शीनवार’ होते तेही याच कारणाने. दोन अक्षरांच्या मध्ये उभी असलेली ती रेघ कोणाची, हे मुलास ठरविता येत नाही. उपाय असा की आरंभी पहिली वेलांटी शब्दाच्या अगदी प्रारंभी असलेले शब्द द्यावेत. तेथे तिच्या डावीकडे दुसरे अक्षरच नसते, तेव्हा ती चुकीच्या अक्षरास जोडली जाणे शक्य नसते. खाडीचा परिसर या बाबतीत उदार आहे. तिवर, निवटी, जिताडा, चिंबोरी, मिठागर, हे सारे शब्द पहिल्या वेलांटीने सुरू होतात आणि सारे मुलाच्या घरचे आहेत. हे पाच शब्द चित्रांसह आठवडाभर भिंतीवर ठेवावेत. नंतरच मधल्या वेलांटीचे रविवार, शनिवार, कविता, गणित हे शब्द द्यावेत.

तरीच्या खेळात पहिल्या वेलांटीचे मूल व्यंजनाच्या डावीकडे उभे राहते, पण वाचकांनी आधी व्यंजनाकडे बोट दाखवावे, मग वेलांटीकडे. त्या मुलाने आपला उजवा हात शेजारच्या व्यंजनाच्या खांद्यावर ठेवावा. वेलांटीची वरची कमान जशी अक्षरावर झुकते तसा तो हात दिसतो आणि ती कोणाची हा प्रश्न उरत नाही.

ऱ्हस्व आणि दीर्घ यांविषयी शिक्षकांनी एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. तक्ता म्हणताना ‘मि’ आखूड व ‘मी’ लांबवून म्हणण्याची रीत आहे आणि ती चिन्हांची नावे म्हणून ठीकही आहे. पण नित्याच्या बोलण्यात ‘माती’तील ‘ती’ कोणी लांबवीत नाही. कानावर विसंबून कोणती वेलांटी द्यावी हे दुसरीच्या मुलास ठरविता येणार नाही. पुष्कळ प्रौढांनाही येत नाही. ‘मीठ’ लिहिताना दुसरी वेलांटी आणि ‘मिठागर’ लिहिताना पहिली, ‘पूल’ लिहिताना दुसरा उकार आणि ‘पुलावर’ लिहिताना पहिला, हा नियम पुढच्या इयत्तांचा आहे. दुसरीत शब्द पाहून लिहावा व पाहून ओळखावा एवढेच मागावे. खेळात पुकारताना ‘मि’ आणि ‘मी’ असे केवळ आवाजावरून ओळखावयास लावू नये. ‘म ला पहिली वेलांटी’ असे नाव घेऊन पुकारावे.

चुका वाचण्याची रीत

‘ध ला काना धा’ अशी घोकणी काही दिवस उपयोगी असते, कारण तीत चिन्हाचे नाव व अक्षराचा उच्चार एकत्र येतात. परंतु मूल शब्द वाचतानाही ‘ध ला दुसरी वेलांटी धी, र, धीर’ असेच म्हणत राहिले तर ती घोकणी सोडवावी. त्यास अक्षर मनात म्हणू द्यावे आणि तोंडाने केवळ शब्द उच्चारावयास सांगावे. याउलट काही मुले ‘धी’ला ‘धई’ म्हणतात. तेथे ‘ध अधिक ई’ अशी फोड कोणीतरी शिकविलेली असते. ध मधील अ जातो व त्याच्या जागी ई येते हे दुसरीच्या मुलास तर्काने समजाविण्याचा खटाटोप करू नये. ‘धी, री, मी, ती’ हा उभा स्तंभ दहा वेळा वाचला म्हणजे ‘धई’ आपोआप गळून पडते.

मूल ‘इ’च्या जागी ‘अि’ लिहिते तेव्हा त्यावर रागावू नये. आ, ओ, औ, अं ही अक्षरे अ ला चिन्ह लावूनच होतात, तर इ का नाही, असा त्याचा हिशेब असतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत याच तर्काने अ ची बाराखडी पुढे मांडली होती आणि काही मुद्रकांनी व नियतकालिकांनी ती वापरलीही होती. आजची मान्य वर्णमाला ‘इ’ हेच रूप देते, म्हणून मुलाच्या ‘अि’शेजारी ‘इ’ लिहून दाखवावे व पुढे जावे.

खाडीपट्टीतील आगरी व कोळी घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘कोळी’ला ‘कोली’ म्हणतात. अशा घरच्या मुलाने श्रुतलेखनात ‘पानी’ लिहिले तर काना बरोबर आहे, वेलांटी बरोबर आहे. मुलाची बाराखडी चुकलेली नाही. ण आणि न यांचा भेद हा निराळा पाठ आहे. बाराखडीच्या कसोटीत अशा शब्दास पूर्ण गुण द्यावेत आणि ‘पाणी’ हा शब्द चित्राखाली लिहून भिंतीवर लावावा. घरच्या बोलीवर वर्गात हसू होऊ देऊ नये. एकदा हसू झाले की ते मूल वाचावयास तोंड उघडत नाही.

राहिलेली चिन्हे थोडक्यात. दोन मात्रांसाठी बैल व पैसा, काना दोन मात्रांसाठी कौल व चौदा, अनुस्वारासाठी बांध व रंग पुरतात. विसर्गाचे शब्द मुलाच्या भाषेत जवळजवळ नाहीत, म्हणून तो तक्त्यात दाखवून सोडून द्यावा. शासनाने २००९ साली वर्णमाला अद्ययावत करून ॲ व ऑ यांना स्वरांत स्थान दिले. तेव्हा तक्त्याच्या टोकास टॅप, बॅट, बॉल, कॉपी यांसाठी दोन स्तंभ ठेवावेत. जोडाक्षरे या खेळात बसत नाहीत. ती बसविण्याचा प्रयत्नही करू नये.

कसोटी आणि परत आलेले मूल

महिन्याअखेर प्रत्येक मुलास एकट्यास बोलावून पाच मिनिटे पाहावे. तक्त्यावर बारा अक्षरे क्रम सोडून दाखवावीत, आणि त्यांत ‘धै’, ‘रौ’, ‘तं’ यांसारखी, ज्यांचा शब्द मुलास ठाऊक नाही अशीही तीन-चार असावीत. ओळखीचा शब्द मूल चित्रासारखा ओळखते, ‘धै’ मात्र वाचावेच लागते. उत्तरापेक्षा ओठांकडे व बोटांकडे अधिक लक्ष असावे. ओठ पुटपुटले किंवा बोटे मोजू लागली तर उत्तर बरोबर येऊनही ते गाण्यावरूनच आले असे समजावे. बारांपैकी दहा अक्षरे न पुटपुटता आली तर पुढचे चिन्ह घ्यावे. कमी आली तर कोणत्या स्तंभातली चुकली ते टिपून तेवढाच स्तंभ पुन्हा घ्यावा. सगळी बाराखडी पहिल्यापासून म्हणावयास लावू नये.

वीटभट्टीच्या कामासाठी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर बाहेर जातात आणि त्यांची मुले काही महिने वर्गात नसतात. परत आलेल्या मुलाची कसोटी प्रथम घ्यावी, कारण व्यंजने त्यास बहुधा आठवत असतात व चिन्हेच निसटलेली असतात. त्यास तरीच्या खेळात लगेच घ्यावे, पण वाचक म्हणून नव्हे. त्याच्या पाठीवर चिन्हाचा पत्ता बांधावा. वाचकास चूक झाल्यास सर्वांसमोर ती कळते. चिन्ह झालेल्या मुलास केवळ योग्य जागी जाऊन उभे राहावयाचे असते, आणि ते शेजाऱ्याकडे पाहूनही जमते. दोन-तीन दिवस काना, मात्रा, वेलांटी अशा जागा फिरून आल्यावर त्यास वाचकांत बसवावे. तरीही एखाद्या मुलाचे चिन्ह पक्के होत नसेल तर ताटात ओली वाळू पसरून, पूर्वीच्या धूळपाटीप्रमाणे, बोटाने मोठे अक्षर काढू द्यावे. व्यंजन शिक्षकाने काढावे आणि चिन्ह मुलाने लावावे. मुलाने ‘मी’ची वेलांटी वाळूत लावली की त्याच वाळूत शेजारी र काढून द्यावा, तिला वेलांटी लावावयास सांगावी आणि ‘मी, री’ असे वाचून घ्यावे.